टोस्ट भाजायचा नसतो, वाळवायचा असतो

केक रस्क घरी करून पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. ओव्हनमधून काढला तेव्हा रंग सुरेख आला होता, कडाही कुरकुरीत होत्या, पण दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर टोस्ट मऊ पडलेला. मग दोष पावसाळी हवेला दिला जातो किंवा डब्याच्या झाकणाला. खरं कारण अनेकदा त्याच्याही आधी घडलेलं असतं. टोस्टच्या मध्यभागी पाणी राहिलेलं असतं आणि वरच्या सोनेरी रंगामुळे ते कळत नाही.

टोस्ट दोनदा भाजतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या दोन भाजण्यांची कामं अगदी वेगळी आहेत. पहिल्यांदा ओल्या पिठाचा केक किंवा पाव होतो. तो फुगतो, त्यातला स्टार्च शिजतो, अंड्यातली आणि पिठातली प्रथिनं घट्ट होतात आणि लाखो बारीक छिद्रांची एक जाळी तयार होते. दुसऱ्यांदा नवं काही शिजवायचं नसतं, तयार झालेल्या जाळीतलं पाणी फक्त बाहेर काढायचं असतं. बाजारातल्या सँडविच ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशापेक्षा जास्त पाणी असतं, तर साध्या बटर केकमध्ये सुमारे पाव भाग. चांगल्या टोस्टमध्ये ते पाच टक्क्यांच्या खाली आलेलं असतं. पाणी इतकं कमी झालं की स्टार्च आणि साखर काचेसारखी कडक होतात आणि दाताखाली कट्‌कन मोडतात. थोडंसं पाणी परत मिळालं की तीच साखर, तोच स्टार्च लवचीक होतो आणि टोस्ट चिवट लागायला लागतो. टोस्टची सगळी कला या थोड्याशा पाण्याभोवती फिरते.

आच मंद का हवी?

ओव्हन १८० अंशांवर असला तरी केकचा ओला काप लगेच १८० अंशांवर जात नाही. त्यातलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. त्यामुळे जिथे ओल आहे तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. याउलट वरचा पातळ थर काही मिनिटांत कोरडा होतो आणि कोरडा झाला की त्याचं तापमान भराभर चढतं. साधारण १४० अंशांच्या पुढे साखर आणि प्रथिनं यांच्यातल्या क्रियेने रंग आणि खमंग वास वेगाने येऊ लागतो. आणखी वर गेलं की साखर करपते आणि कडवट होते.

म्हणजे ओव्हन जास्त गरम असेल तर दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालतात. रंगाचं घड्याळ पुढे पळतं, वाळण्याचं मागे राहतं. रंग पाहून आपण ट्रे बाहेर काढतो आणि ओल आतच राहते. ही दोन घड्याळं जुळवायची तर रंग थांबवून ठेवायला हवा. त्यासाठी ११० ते १२० अंश ही आच घरच्या ओव्हनमध्ये सर्वात सोयीची. पाणी उकळण्याच्या थोडी वर असल्याने काप वाळत राहतो आणि रंग येण्याच्या बरीच खाली असल्याने करपत नाही. ७०-८० अंशांवरही टोस्ट वाळतो, पण त्याला कितीतरी तास लागतात आणि भाजल्याचा खमंगपणा जवळजवळ येत नाही.

लाकडाच्या भट्टीवर काम करणाऱ्या बेकऱ्यांत ही मंद आच आपोआप मिळते. विस्तव बाजूला केल्यावरही तापलेल्या विटा बराच वेळ उष्णता सोडत राहतात. कडक आचेत पाव निघतात आणि उतरत्या आचेत टोस्ट वाळतात. घरी आपल्याला तेच काम बटण फिरवून करावं लागतं.

इथे एक अडचण आहे. घरगुती ओटीजीच्या बटणावरचे आकडे फारसे विश्वासाचे नसतात, विशेषतः खालच्या तापमानाला. १२० लावलं तरी आत १०० किंवा १४० असू शकतं. ओव्हनमध्ये जाळीवर ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो. टोस्ट वारंवार करणार असाल तर तो घ्याच. तोवर एक खूण लक्षात ठेवा. पहिल्या वीस मिनिटांतच कडा तपकिरी होऊ लागल्या तर बटणावर काहीही असो, आत आच जास्त आहे. पंखा असलेल्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये हवा फिरती असल्याने वाळणं लवकर होतं, तिथे १० ते १५ अंश कमी ठेवावेत.

जाडीचा हिशेब

मंद आचेइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे कापाची जाडी. आपल्याकडे उन्हाळी वाळवणं करणाऱ्या बायकांना हे चांगलं माहीत असतं. पातळ कुरडई दोन उन्हांत वाळते, तर जाड राहिलेली बाहेरून कडकडीत दिसते आणि आत ओली राहून वर्षभराच्या डब्यात बुरशी धरते.

कारण असं की मध्यभागच्या पाण्याला पृष्ठभागापर्यंतचा प्रवास छिद्रांच्या जाळीतून करावा लागतो. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा बराच जास्त लागतो, आणि फक्त या प्रवासाचाच विचार केला तर तो चौपट होतो. घरच्या ओव्हनमध्ये प्रत्यक्षातला वेळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. १२० अंशांवर साध्या केकचा १ सेंटिमीटर जाडीचा काप साधारण ३५ ते ४० मिनिटांत वाळतो. दीड सेंटिमीटरचा ७० ते ८० मिनिटं घेतो. २ सेंटिमीटरचा दोन तासांच्या घरात जातो आणि तेवढ्या वेळात त्याच्या कडा फार कडक होतात. केकसाठी दीड सेंटिमीटर ही जाडी म्हणूनच योग्य वाटते. चहात बुडवल्यावर टोस्ट तुटून पडत नाही आणि मध्य वाळायला अवाजवी वेळही लागत नाही.

पावासाठी जाडी कमी हवी. केकमधलं लोणी आणि साखर पिठाची जाळी ठिसूळ ठेवतात, त्यामुळे केकचा टोस्ट कितीही वाळला तरी सहज चावता येतो. साध्या ब्रेडमध्ये लोणी-साखर नावापुरतीच असते. त्यातली ग्लुटेनची जाळी वाळून टणक होते आणि दीड सेंटिमीटरचा ब्रेड टोस्ट म्हाताऱ्या माणसाच्या दाताची परीक्षा पाहतो. त्याला १ सेंटिमीटर पुरे. बाजारातल्या कापलेल्या ब्रेडची जाडी साधारण तेवढी किंवा किंचित जास्त असते, म्हणून तो तसाच वापरता येतो. लादी पावाचे दोन भाग मात्र फार जाड होतात. त्याचे उभे पातळ काप करावेत.

एकसारखी जाडीही तेवढीच महत्त्वाची. एकाच ट्रेमध्ये काही काप १ सेंटिमीटरचे आणि काही २ सेंटिमीटरचे असले तर पातळ काप रंगून तयार होतात तेव्हा जाड काप निम्मेही वाळलेले नसतात. ताजा, कोमट केक कापायला गेलं तर तो चुरतो आणि काप वेडेवाकडे येतात. केक किंवा पाव पूर्ण थंड करून झाकून रात्रभर ठेवावा. या वेळात स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि आतला भाग कापायला आवळ होतो. एरवी शिळा पाव आपल्याला नको असतो, टोस्टसाठी मात्र तोच हवा. केक फारच मऊ असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो. दातेरी सुरी दाब न देता करवतीसारखी पुढेमागे चालवावी.

आता काप कशावर ठेवायचे? सपाट ट्रेवर ठेवलेल्या कापाची खालची बाजू बंद असते, सगळी वाफ वरूनच निघते. म्हणजे दीड सेंटिमीटरचा काप वाळण्याच्या दृष्टीने तिप्पट जाडीचा नसला तरी जवळजवळ दुप्पट जाडीचा ठरतो. तोच काप जाळीवर ठेवला तर वाफ दोन्हीकडून जाते. जाळी नसेल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी काप उलटावे लागतात. दोन कापांमध्ये बोटभर जागा सोडावी, एकमेकांना चिकटलेल्या कडा ओल्या राहतात.

एक केक, पहिल्यापासून शेवटपर्यंत

हे सगळं एका उदाहरणाने पाहू. २० सेंटिमीटरचा चौकोनी डबा घ्या. १०० ग्रॅम मऊ लोणी आणि ११० ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटा. त्यात ३ अंडी एकेक करून घाला. १३० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कस्टर्ड पावडर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळा. शेवटी २ मोठे चमचे दूध. १७५ अंशांवर साधारण ३० मिनिटांत केक तयार होतो. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली पाहिजे. केक मध्ये बसला तर त्या जागी छिद्रं दाबली जातात आणि तिथला टोस्ट दगडासारखा होतो, म्हणून तेवढा भाग बाजूला काढावा.

भाजलेल्या केकचं वजन साधारण ४९० ग्रॅम भरतं. त्यात लोणी, साखर, पीठ आणि अंड्यातला कोरडा अंश मिळून ३७० ग्रॅमच्या आसपास, बाकीचं पाणी. टोस्टमध्ये सुमारे तीन टक्के पाणी ठेवायचं म्हटलं तर अखेरचं वजन ३८५ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. थोडक्यात, केकचा पाचवा हिस्सा हवेत गेला पाहिजे. ब्रेडच्या बाबतीत हाच हिशेब आणखी मोठा निघतो. ४०० ग्रॅमचा ब्रेड पूर्ण वाळून जेमतेम २५५ ते २६० ग्रॅम उरतो.

दुसऱ्या दिवशी केकचे मधोमध दोन भाग करा आणि प्रत्येकाचे दीड सेंटिमीटरचे काप पाडा. २६ काप होतील. सरासरी प्रत्येकी १९ ग्रॅम, म्हणजे दहा कापांचं वजन १९० ग्रॅम. हे दहा काप ओळखता येतील असे ट्रेच्या एका बाजूला ठेवा. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा यापुढे तुमचा मुख्य सोबती.

ओव्हन १२० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, जाळी मधल्या खाचेत. दार किंचित उघडं राहावं म्हणून फटीत लाकडी चमच्याचा दांडा अडकवा, नाहीतर निघालेली वाफ आतच कोंडते आणि वाळणं मंदावतं. दाराच्या काचेकडे लक्ष द्या. सुरुवातीला काच धूसर होते, वरच्या कडेला थेंबही धरतात. अर्ध्या तासाने काच स्वच्छ होऊ लागते. वरवरचं पाणी गेल्याची ही खूण, पण मध्यभागचं अजून शिल्लक असतं.

तीस मिनिटांनी ट्रेची पुढची बाजू मागे करा, काप उलटा आणि ते दहा काप झटपट काट्यावर ठेवा. वजन १६८ ग्रॅमच्या आसपास आलेलं दिसेल. तासाभराने ते १५४ च्या जवळ असतं. बहुतेक जण इथेच फसतात. हाताला काप कडक लागतो, कडा वाजतात, पण अजून चार-पाच ग्रॅम पाणी मध्यभागी दडलेलं असतं. सत्तर मिनिटांनी वजन १५१, ऐंशी मिनिटांनी १५०. दहा मिनिटांत एखादाच ग्रॅम उतरला म्हणजे वाळणं संपत आलं. तुमच्या ओव्हनमध्ये हे आकडे थोडे पुढेमागे होतील, उतार मात्र असाच दिसेल. आधी वेगाने, मग हळूहळू आणि शेवटी जवळजवळ थांबलेला.

आता रंग. आच १५० वर न्या आणि चार-पाच मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका. काप कोरडे झालेले असल्याने आता त्यांना थंड ठेवायला पाणी नाही, त्यामुळे रंग फार झपाट्याने येतो. फिकट सोनेरी झाले की थांबा. गडद तपकिरी रंगाबरोबर कडवटपणा येतो आणि पिठाच्या पदार्थांत जास्त भाजल्याने तयार होणारं ॲक्रिलामाइड हे नको असलेलं रसायनही वाढतं. बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कचा केक असेल तर दुधातल्या साखरेमुळे तो आणखी लवकर रंगतो. त्याला दोन-तीन मिनिटंच पुरतात.

शेवटी ओव्हन बंद करून दार फटीपुरतं उघडं ठेवा आणि टोस्ट आतच अर्धा तास राहू द्या. गरम टोस्ट थेट पंख्याखाली काढला तर त्याच्या कडा आणि मध्य वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात आणि डब्यात ठेवल्यावर केसासारख्या बारीक चिरा पडून तो मधून मोडतो. शिवाय गरम असताना टोस्ट झाला की नाही हे ठरवताही येत नाही. त्या तापमानाला लोणी पातळ आणि साखर मऊ असते. खरा कुरकुरीतपणा थंड झाल्यावरच कळतो.

मऊ पडला तर दोष कुठे शोधायचा?

थंड झालेला एक टोस्ट मधोमध मोडा. कट्‌कन आवाज येऊन सरळ तुटला आणि तुटलेला भाग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा दिसला, तर काम झालं. मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर किंचितसा दबला, किंवा तिथला रंग कडेपेक्षा ओलसर, गडद दिसला, तर आत पाणी आहे. ट्रे पुन्हा ११० अंशांवर वीस मिनिटं ठेवा.

तरीही शंका उरली तर एक सोपी परीक्षा आहे. एक टोस्ट कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवा, दुसरा ताटलीत उघडा ठेवा. सकाळी बरणीतला टोस्ट मऊ पडला असेल तर त्याला बाहेरची हवा लागलेलीच नाही. मध्यभागची ओल रात्रीतून कडांपर्यंत पसरली, एवढंच घडलं. दोष वाळवण्यात आहे. बरणीतला कुरकुरीत राहिला आणि ताटलीतला मऊ पडला, तर दोष हवेचा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उत्तम टोस्टही उघड्यावर काही तासच टिकतो. हवेने मऊ पडलेला टोस्ट वाचवणं सोपं आहे. १०० ते ११० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवून थंड केला की तो पूर्ववत होतो, कारण ओल फक्त बाहेरून आलेली असते.

काही केक मुळातच टोस्टला योग्य नसतात. गूळ, मध किंवा साखरेचा पाक घातलेल्या केकमधल्या साखरा हवेतलं पाणी ओढून घेतात आणि असा टोस्ट कितीही वाळवला तरी लवकर मऊ पडतो. टुटीफ्रुटी, मनुका, खजूर यांचे तुकडे आतून ओले राहतात आणि शेजारच्या भागाला ओल देतात. क्रीम किंवा फळांचा गर असलेला केक तर या वाटेला नेऊच नये. साधा, कोरडा, एकसारख्या छिद्रांचा केक हाच टोस्टचा कच्चा माल.

पूर्ण थंड झालेला टोस्ट घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. कोमट असताना भरला तर त्याची वाफ झाकणाला धरते आणि तिथून पुन्हा त्याच्यावरच पडते. नीट वाळलेल्या टोस्टला बुरशी सहसा लागत नाही, पण म्हणून तो कायम टिकतो असं नाही. त्यातलं लोणी हळूहळू खवट होत जातं. महिनाभरात संपेल एवढाच करावा, आणि डबा उघडताच जुन्या तुपासारखा वास आला तर कुरकुरीत असला तरी तो खाऊ नये.

पुढच्या वेळी टोस्ट कराल तेव्हा मोजपट्टी लावून काप करा आणि ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी त्यांचं वजन लिहून ठेवा. केकचा पाचवा हिस्सा आणि ब्रेडचा तिसऱ्यापेक्षा जास्त हिस्सा उतरेपर्यंत आच वाढवू नका आणि ट्रेही काढू नका. रंग शेवटच्या पाच मिनिटांत येतोच.